सोनपेठकरांनो, ‘डिस्प्युट’चं बटण दाबण्याआधी थांबा

सोनपेठ शहरातल्या आणि तालुक्यातल्या सगळ्या शूटिंगवाल्यांना, भजनी मंडळांना, सप्ताह समित्यांना, बातम्यांचं छोटं चॅनल चालवणाऱ्या पोरांना आणि घरच्या लग्नाचा व्हिडिओ पाहुण्यांसाठी यूट्यूबवर ठेवणाऱ्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे.

तुमच्या एखाद्या व्हिडिओवर गाण्यामुळे कॉपीराइटची सूचना आली असेल, तर हे पूर्ण वाचून होईपर्यंत काही दाबू नका आणि कुणालाही ओटीपी किंवा पासवर्ड देऊ नका. “पाचशे रुपयांत स्ट्राइक काढून देतो” असं म्हणणारे फोन आपल्या भागातही यायला लागलेत. स्ट्राइक पैसे देऊन निघत नाही. ओटीपी दिलात की चॅनल मात्र जातं. आणि ज्यांनी आधीच ‘अपील’ केलं आहे, त्यांनी हा कागद बाजूला ठेवून आधी आपला ईमेल उघडावा. त्यात कदाचित सात दिवसांची मुदत चालू झालेली असेल. माझी ती मुदत हुकली, म्हणूनच हे लिहितो आहे.

झालं ते असं. मी लग्नं, सप्ताह, जयंत्या यांचं शूटिंग करतो. एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचे दोन व्हिडिओ मी एकाच रात्री टाकले. पहिल्यात गावच्या भजनी मंडळानं जनाबाईंचा एक अभंग त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेल्या चालीत म्हटला होता. दुसऱ्यात काल्याच्या दिवशीची दिंडी होती आणि दिंडीपुढे बँडवाले. बँड वाजवत होता भजन, पण वाटेत एका दुकानाच्या भोंग्यावर चित्रपटातलं गाणं लागलेलं होतं आणि दिंडी तिथे फुगड्यांसाठी थांबली. तीन मिनिटं ते गाणं माझ्या माइकमध्ये अख्खं आलं. सकाळी उठून पाहतो तर दोन्ही व्हिडिओंवर क्लेम.

मी चिडलो. दोन्हीवर तोच मजकूर लिहून डिस्प्युट टाकला: “हा धार्मिक कार्यक्रम आहे, मी पैसे कमवत नाही, कंपनीला क्रेडिट दिलं आहे, कृपया क्लेम काढावा.” दोन्ही डिस्प्युट नाकारले गेले. मी दोन्हीवर अपील केलं. त्यातलं एक मी जिंकलो आणि दुसऱ्यानं मला स्ट्राइक मिळाला. एकाच माणसाचे एकाच रात्रीचे दोन व्हिडिओ, आणि निकाल उलटे. हा फरक आधी कळला असता तर निम्मा त्रास वाचला असता.

आधी क्लेम आणि स्ट्राइक यांतला भेद नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे दोन्हीला सरसकट “कॉपीराइट आला” म्हणतात.

क्लेम लावतं ते बहुतेक वेळा यंत्र. यूट्यूबनं २००७ मध्ये Content ID नावाची व्यवस्था सुरू केली. संगीत कंपन्या आपल्या गाण्यांच्या मूळ फाइली तिथे जमा करतात आणि आपण चढवलेला प्रत्येक व्हिडिओ त्या साठ्याशी ताडून पाहिला जातो. जुळलं की क्लेम लागतो. पुढे काय करायचं हे कंपनीनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं: व्हिडिओ चालू द्यायचा पण जाहिरातीचे पैसे आपण घ्यायचे, किंवा तो बंद पाडायचा (सगळीकडे किंवा ठरावीक देशांत), किंवा नुसतं किती लोकांनी पाहिला ते मोजायचं. त्या यंत्राला दिंडी कळत नाही, भोंगा दुसऱ्याच्या दुकानाचा होता हे कळत नाही, तुमचा हेतूही कळत नाही. त्याला फक्त सूर जुळलेले कळतात. अशा क्लेममुळे तुमच्या चॅनलवर सहसा कसलाही डाग लागत नाही. तुम्हाला यूट्यूबचे पैसे मिळतच नसतील आणि व्हिडिओ लोकांना दिसत असेल, तर पुष्कळदा काही न करता तो क्लेम तसाच राहू देणं हाच शहाणपणा असतो.

स्ट्राइकचं तसं नाही. हक्कदारानं रीतसर, कायदेशीर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक लागतो. तो ९० दिवस राहतो, आणि पहिल्यांदा लागला तर ‘Copyright School’ नावाचा छोटा धडा पाहून प्रश्नांची उत्तरंही द्यावी लागतात. ९० दिवसांच्या आत तीन झाले की चॅनल बंद, आणि त्यावरचे सगळे व्हिडिओ गेले. स्ट्राइक लागल्यावर घाबरून तो व्हिडिओ डिलीट करणारे मी पाहिलेत. त्यानं स्ट्राइक जात नाही.

माझ्या चॅनलवर सहा वर्षांचे सप्ताह आहेत. त्यांत असे विणेकरी आहेत जे आज हयात नाहीत, आणि त्यांची नातवंडं पुण्याहून, सुरतेहून तेच व्हिडिओ लावून त्यांचा आवाज ऐकतात. तीन मिनिटांच्या भोंग्यापायी हे सगळं पणाला लागलं होतं.

आता क्लेमपासून स्ट्राइकपर्यंतची वाट सांगतो, कारण या वाटेवर आपणच एकेक पाऊल पुढे टाकत जातो.

तुम्ही डिस्प्युट केलंत की तो कागद यूट्यूबच्या साहेबाकडे जात नाही. ज्यानं क्लेम लावला त्याच्याकडेच जातो, आणि उत्तर द्यायला त्याला ३० दिवस मिळतात. त्यानं क्लेम सोडला तर सुटलात. ३० दिवसांत काहीच उत्तर दिलं नाही तरी क्लेम आपोआप सुटतो. त्यानं “आमचा क्लेम बरोबर आहे” म्हटलं तर क्लेम परत बसतो. आणि त्याला वाटलं तर या पहिल्या पायरीवरूनच तो व्हिडिओ काढण्याची कायदेशीर मागणी करू शकतो, म्हणजे स्ट्राइक. डिस्प्युट नाकारला गेल्यावर तुम्हाला अपील करता येतं. अपिलाला उत्तर द्यायची मुदत फक्त ७ दिवसांची. पण अपिलानंतर कंपनीला मधली वाट उरत नाही: एकतर क्लेम सोडायचा, नाहीतर व्हिडिओ काढायला लावायचा. म्हणजे अपील करताना तुम्ही स्वतःच स्ट्राइकची जोखीम अंगावर घेता. व्हिडिओ पूर्ण बंद पडला असेल तर पहिली पायरी टाळून थेट अपिलावर जाण्याची सोयही दिसते. आपल्या बाजूची पक्की खात्री असल्याशिवाय तिला हात लावू नका.

एक बारीक दार मात्र आहे आणि तेच माझं हुकलं. कंपनी कधीकधी व्हिडिओ लगेच काढायला न लावता सात दिवसांनी काढण्याची मागणी करते. तसा ईमेल येतो. त्या सात दिवसांत तुम्ही अपील मागे घेतलंत तर स्ट्राइक लागत नाही, फक्त जुना क्लेम राहतो. माझ्या ईमेलवर तो इंग्रजी निरोप येऊन पडला होता. मी त्या आठवड्यात ओळीनं लग्नांत होतो, ईमेल उघडलाच नाही. आठव्या दिवशी दिंडीचा व्हिडिओ गेला आणि स्ट्राइक आला. म्हणून पुन्हा सांगतो, ज्यांचं अपील चालू आहे त्यांनी रोज ईमेल पाहावा, स्पॅमच्या खणातही पाहावं.

दिंडीच्या व्हिडिओत मी हरलो ते योग्यच होतं, हे आता मान्य करतो. मी लिहिलेलं एकही कारण कामाचं नव्हतं. क्रेडिट दिल्यानं परवानगी मिळत नाही. पैसे न कमावणं म्हणजेही परवानगी नव्हे. “दहा सेकंदांपर्यंत चालतं”, “तीस सेकंदांपर्यंत चालतं” असा नियम कायद्यात कुठेही नाही. विकत घेतलेली सीडी किंवा पैसे भरून घेतलेलं ॲप ऐकण्यासाठी असतं, व्हिडिओत लावण्यासाठी नसतं. आणि इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये तेच गाणं चाललं म्हणून ते यूट्यूबवर चालेल असंही नाही, कारण त्या कंपनीचे करार वेगळे.

धार्मिक कार्यक्रमाचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण वरातीबद्दल हाच वाद आपल्याकडे नेहमी होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ वं कलम आहे. त्यातल्या एका पोटकलमाप्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवणं हा भंग ठरत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सोहळेही त्यात धरलेत. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये एक जाहीर सूचना काढून याची आठवण करून दिली. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये त्याच विषयावर परिपत्रक काढलं, तेव्हा संगीत कंपन्यांच्या बाजूनं ते कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. कायद्यातलं कलम तसंच आहे. पण ते कलम समारंभ चालू असताना गाणं वाजवण्याबद्दल, ऐकवण्याबद्दल बोलतं. त्याचं रेकॉर्डिंग करून ते कायमचं इंटरनेटवर ठेवण्याचं नाव त्यात नाही. तेव्हा वरातीत डीजे वाजला तो भाग वेगळा, आणि त्याचा व्हिडिओ चढवला तो वेगळा. माझ्या भोंग्याला तर ते कलम मुळीच लागू नव्हतं, कारण तो दुकानाचा होता, समारंभाचा नव्हता.

“मागे सहज वाजत होतं, मी मुद्दाम नाही लावलं” हा बचावही तपासून पाहिला. त्याच ५२ व्या कलमात चित्रीकरणात पार्श्वभूमीला सहज आलेल्या गोष्टींना सूट आहे, पण ती चित्रं, शिल्पं, इमारती अशा कलाकृतींना. मागच्या भिंतीवरचं चित्र तुमच्या व्हिडिओत आलं तर चालतं. मागं वाजणाऱ्या गाण्याचा उल्लेख त्या सुटीत नाही. हे मला खटकतं, कारण रस्त्यावर शूटिंग करणाऱ्याच्या हातात भोंग्याचं बटण नसतं. पण कलम आहे ते असं आहे.

मग दिंडीच्या व्हिडिओचं मी काय करायला हवं होतं? भांडण नको, सुरी हवी होती. studio.youtube.com संगणकावर उघडा, ‘Content’ मध्ये जा. व्हिडिओसमोर ‘Restrictions’ च्या रकान्यात ‘Copyright’ लिहिलेलं दिसेल, तिथून ‘See details’. कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत, कुठलं गाणं आणि कुणाचा क्लेम, हे सगळं तिथे असतं. तिथेच तो तुकडा कापायची, त्याचा आवाज बंद करायची, गाणं बदलायची सोय आहे. ‘Erase song’ ही सोय त्यांतली सगळ्यात कामाची. ती फक्त गाणं पुसते आणि बोलणं, टाळ, गलका ठेवायचा प्रयत्न करते. गाणं फार मोठ्यानं असेल तर नीट पुसलं जात नाही, मागं भुतासारखी घरघर राहते. तेव्हा तेवढा तुकडा मुका करावा. दोन तासांच्या दिंडीत तीन मिनिटं आवाज नसेल तर कुणाचं काही बिघडत नाही. बदल झाला की क्लेम आपोआप निघतो. माझा व्हिडिओ पहिल्याच सकाळी दहा मिनिटांत सुटला असता.

आता जिंकलेला व्हिडिओ. जनाबाई गंगाखेडच्या, आपल्या शेजारच्या. त्यांचे अभंग सातशे वर्षांचे. त्यांच्या शब्दांवर आज कुणाचाच हक्क नाही. चाल गावची, परंपरेची. आवाज आमच्या मंडळाचा, मृदंग आमचा, कॅमेरा माझा. मग क्लेम कसा? एका कंपनीनं हाच अभंग याच परंपरेच्या चालीत कुणाकडून तरी गाऊन घेतला होता आणि ती फाइल यंत्रात जमा होती. यंत्राला चालीतलं साम्य दिसलं, त्यानं क्लेम लावला. क्लेम चुकीचा होता. तरी माझा डिस्प्युट नाकारला गेला, कारण मी “धार्मिक आहे, पैसे कमवत नाही” असलं असंबद्ध काहीतरी लिहिलं होतं. वाचणाऱ्याला त्यात सोडण्यासारखं काही सापडलंच नाही.

अपील लिहिताना गंगाखेडचे एक निवृत्त मास्तर शेजारी बसले. त्यांनी मला आधी तीन प्रश्न विचारले: शब्द कुणाचे? चाल कुणाची? रेकॉर्डिंग कुणाचं? एका गाण्यात हे तीन वेगवेगळे हक्क असतात आणि तिन्हींची उत्तरं असल्याशिवाय भांडायला जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही ‘Public domain’ हे कारण निवडलं आणि लिहिलं: “या व्हिडिओत ०:४१:२० ते ०:४५:३० या भागात अमुक गावचं भजनी मंडळ प्रत्यक्ष गात आहे. अभंग संत जनाबाईंचा, तेराव्या-चौदाव्या शतकातला. चाल वारकरी परंपरेतली असून तिचा कुणी एक ज्ञात संगीतकार नाही. कुठलंही ध्वनिमुद्रण वाजवलेलं नाही. व्हिडिओत गाणारे, मृदंग आणि पेटी दिसत आहेत. चित्रीकरण मी स्वतः मंडळाच्या परवानगीनं केलं आहे.” एवढंच. आर्जव नाही, राग नाही. पाचव्या दिवशी क्लेम सोडला.

पण हाच मजकूर उचलून कुठल्याही अभंगावर चिकटवू नका. तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, पण ‘अभंग तुकयाचे’ मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या आहेत. खळे २०११ मध्ये गेले. आपल्या कायद्यात संगीतकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणजे २०७१ च्या अखेरपर्यंत. आपल्या मंडळातली पुष्कळ गोड गायलेली “जुनी” चाल ही मुळात रेडिओवरून उतरलेली असते, आणि मंडळाच्या नव्या पोरांना ते ठाऊकही नसतं. म्हणून जुन्या टाळकऱ्यांना विचारा: ही चाल तुम्ही कुणाकडून शिकलात?

गीतरामायणाचंही तसंच. १९५५-५६ मध्ये ते पुणे आकाशवाणीवरून आलं, म्हणून पुष्कळांना ते मोकळं झालं असं वाटतं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो हे खरं. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. बाबूजी म्हणजे सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा २०६२ पर्यंत. रामनवमीला मुलींनी गीतरामायण म्हटलं आणि तुम्ही ते चढवलं, तर आवाज आपल्या पोरींचा असूनही क्लेम बरोबर ठरू शकतो. अशा वेळी क्लेम राहू द्या. व्हिडिओ दिसतो आहे ना, तेवढं पुरे.

तुमचा पक्ष खरा असेल तर मात्र भिऊन गप्प बसू नका. २०२१ च्या पहिल्या सहामाहीचे आकडे यूट्यूबनंच जाहीर केले होते: ७२ कोटींहून जास्त क्लेम लागले, त्यांतल्या सुमारे ३७ लाखांवरच लोकांनी डिस्प्युट केला, आणि त्यांतले जवळपास ६० टक्के व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूनं सुटले. ज्यांना चॅनलचे पैसे मिळतात त्यांनी खरा पक्ष असेल तर क्लेम लागल्यापासून पाच दिवसांच्या आत डिस्प्युट करावा. तसं केलं तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते आणि निकाल लागेल त्याला मिळते. पाच दिवसांनंतर केलं तर डिस्प्युटच्या दिवसापासूनचीच राहते.

स्ट्राइक लागलाच, तर तीन वाटा उरतात. ९० दिवस शांतपणे काढायचे, कंपनीला लिहून मागणी मागे घ्यायला लावायची, किंवा प्रतिनोटीस द्यायची. प्रतिनोटीस म्हणजे खोटं निघालं तर शिक्षा होईल अशा शपथेवरचा कागद. त्यात तुमचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन नंबर लागतो आणि तो सगळा समोरच्या कंपनीकडे जातो. भारतातून देताना अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाचा अधिकार मान्य आहे असंही लिहून द्यावं लागतं. मग कंपनीला कोर्टात जायला तिथले कामाचे १० दिवस मिळतात, ती गेली नाही तर व्हिडिओ परत येतो. भोंग्यावरच्या गाण्यासाठी हा कागद कुणीही देऊ नये. मी दिला नाही, ९० दिवस काढले.

लग्नसराई आणि सप्ताह तोंडावर आहेत, म्हणून पुढच्या व्हिडिओपासूनच एक करा. कुठलाही व्हिडिओ थेट ‘Public’ करू नका. आधी ‘Private’ ठेवून चढवा. चढवतानाच ‘Checks’ च्या टप्प्यावर यंत्र कॉपीराइट तपासतं. लांब व्हिडिओला वेळ लागतो, रात्रभर राहू द्या. काही सापडलं तर कुणी पाहण्याआधीच पुसा. लाइव्ह कीर्तनात ही सोय नाही, तिथे यंत्र चालू असतानाच ऐकतं आणि प्रक्षेपण तोडू शकतं. म्हणून सप्ताह समित्यांना हात जोडून विनंती: कीर्तन सुरू व्हायच्या आधी आणि मध्यंतरात मांडवाच्या भोंग्यावर रेकॉर्ड केलेली गाणी लावू नका, निदान लाइव्ह चालू असेपर्यंत तरी. दिंडीच्या वाटेवरच्या दुकानदारांनीही तेवढा वेळ आवाज बंद ठेवावा. आणि शूटिंगवाल्यांनी कीर्तनकार महाराजांची परवानगी कागदावर घ्यावी, कारण गाणाऱ्याचा स्वतःचाही हक्क कायद्यानं मानलेला आहे.

सगळ्या मूळ फाइली हार्ड डिस्कवर ठेवा. ज्यांच्याकडे त्या उरल्या नाहीत, त्यांनी takeout.google.com वरून आपले चढवलेले व्हिडिओ आजच उतरवून घ्यावेत.

ज्यांच्यावर क्लेम आहे त्यांनी ‘See details’ च्या पानाचा फोटो काढावा, त्याखाली शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाचं ही तीन उत्तरं लिहावीत आणि मगच डिस्प्युट करायचा की पुसायचं ते ठरवावं. तालुक्यातले आम्ही शूटिंगवाले यासाठी एकमेकांना मदत करायला तयार आहोत, जो जवळचा असेल त्याच्याकडे जा. पण ज्यांना सात दिवसांचा ईमेल आला आहे त्यांनी आमची वाट पाहू नये. पक्ष कच्चा असेल तर अपील आज, आत्ता मागे घ्यावं.